तुम्ही विचारलंत म्हणून: छतावरच्या सौर संचाचे पैसे किती वर्षांत वसूल होतात

"आमचं बिल महिन्याला अठ्ठावीसशेच्या आसपास येतं. सबसिडी धरून सोलरचे पैसे किती वर्षांत वसूल होतील?"

एवढ्या माहितीवर नेमके उत्तर देता येत नाही, म्हणून मी आधी बिलाची एकूण रक्कम बाजूला ठेवून दर आकारणीचा तक्ता पाहतो. बहुतेक जण बिलाच्या रकमेला युनिटच्या संख्येने भागतात, आलेल्या सरासरी दराने सौर विजेची किंमत लावतात आणि त्या बचतीने खर्चाला भागून मोकळे होतात. ही रीत सोपी आहे, पण टप्प्याटप्प्याने दर वाढत जाणाऱ्या बिलात ती दिशाभूल करते.

एक उदाहरण सोडवून पाहू. त्यातले आकडे गणित सोपे व्हावे म्हणून गृहीत धरलेले आहेत. तुम्ही त्यांच्या जागी आपल्या बिलातले आणि कोटेशनमधले आकडे घालावेत. एका घराचा वापर महिन्याला 300 युनिट आहे. पहिल्या 100 युनिटांना 5 रुपये आणि त्यापुढील प्रत्येक युनिटला 11 रुपये दर आहे, कर त्यातच धरले आहेत, आणि स्थिर आकार 150 रुपये आहे. म्हणजे 500, 2,200 आणि 150 मिळून बिल 2,850 रुपये होते आणि सरासरी दर साडेनऊ रुपये पडतो. मात्र या घरात साडेनऊ रुपयांचे एकही युनिट नाही. आहेत ती 5 रुपयांची किंवा 11 रुपयांची.

सौर वीज बिलातले युनिट कमी करते ते वरच्या टोकापासून, म्हणजे आधी महागडी युनिटे जातात आणि मग स्वस्त. 1 किलोवॅटचा संच महिन्याला सरासरी 100 युनिट देतो असे धरू. हा आकडा ऊन, छताची दिशा आणि सावली यांनुसार बदलतो. मग पहिला किलोवॅट महिन्याला 1,100 रुपये वाचवतो आणि दुसराही तेवढेच वाचवतो. तिसऱ्याच्या वाट्याला मात्र 5 रुपयांची 100 युनिटे येतात, त्यामुळे त्याची बचत 500 रुपयांवर थांबते. स्थिर आकाराचे 150 रुपये तर कितीही पॅनेल लावले तरी भरावेच लागतात. "बिल शून्य" हे शब्द ऐकले की मी प्रथम या ओळीकडे बोट दाखवतो.

आता खर्चाची बाजू. 2 किलोवॅटचा संच 1,30,000 रुपयांना आणि 3 किलोवॅटचा 1,80,000 रुपयांना मिळतो असे समजा. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 25,000 आणि तिसऱ्याला 10,000 आहे. क्षमता वाढेल तसे दर किलोवॅटचे अनुदान घटावे किंवा एका मर्यादेनंतर थांबावे, अशी रचना अनेक योजनांत असते. निव्वळ खर्च अनुक्रमे 80,000 आणि 1,20,000 रुपये झाला. सरासरी दराने हिशेब केला, तर दोन्ही संचांचे पैसे साडेतीन वर्षांतच वसूल होताना दिसतात, आणि मग साहजिकच मोठा संच घ्यावासा वाटतो. टप्प्यांप्रमाणे मोजले, तर 2 किलोवॅटची वार्षिक बचत 26,400 रुपये येते आणि पैसे सुमारे 3 वर्षांत सुटतात. 3 किलोवॅटची बचत 32,400 रुपये येते आणि त्याला 3.7 वर्षे लागतात. खरा फरक केवळ तिसऱ्या किलोवॅटकडे पाहिले की कळतो. त्याच्यासाठी वरचे 40,000 रुपये घातले आणि वर्षाला 6,000 रुपये वाचले, म्हणजे त्याला एकट्याला पावणेसात वर्षे लागतात. तो तिसरा किलोवॅट घ्यावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे, पण पहिल्या दोघांच्या आडोशाला तिसऱ्याचा हिशेब लपू देऊ नये.

वरच्या गणितात एक गोष्ट मी गृहीत धरली आहे, ती म्हणजे नेट मीटरिंग: दुपारी ग्रिडला दिलेले युनिट रात्री वापरलेल्या युनिटमधून तसेच्या तसे वजा होते. ही सोय सगळीकडे नसते. काही ठिकाणी बाहेर गेलेल्या युनिटला वेगळा आणि बराच कमी दर मिळतो. समजा तो 3 रुपये आहे आणि घरातली माणसे दिवसभर बाहेर असल्याने 2 किलोवॅटच्या 200 युनिटांपैकी 70 युनिटेच घरात वापरली जातात. मग महिन्याची बचत 770 आणि 390 मिळून 1,160 रुपये होते, वर्षाची 13,920, आणि तोच संच फिटायला पावणेसहा वर्षे घेतो. पॅनेल तेच, अनुदान तेच, तरी कालावधी जवळजवळ दुप्पट झाला. अशा ठिकाणी कपडे धुण्याचे यंत्र, पाण्याचा पंप आणि गीझर भर दुपारी चालवणे हा परतफेड लवकर करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

एका महिन्याच्या बिलावरून मी कधीच आकडा सांगत नाही. उन्हाळ्यात 450 आणि थंडीत 180 युनिट वापरणाऱ्या घराची सरासरी कदाचित 300 च्या जवळ येईल, पण थंडीत त्याची महागडी युनिटे जेमतेम 80 असतात आणि दुसऱ्या किलोवॅटला स्वस्त युनिटांवरच हात मारावा लागतो. म्हणून 12 महिन्यांची बिले समोर ठेवून प्रत्येक महिन्याचा हिशेब वेगळा करावा आणि उरलेली युनिटे पुढच्या महिन्यात जमा होतात का, वर्षअखेर त्यांचे काय होते, हे वीज कंपनीच्या नियमांत पाहून घ्यावे.

अनुदानाबाबत दोन गोष्टी कोटेशनमध्ये सहसा स्पष्ट नसतात. पहिली ही, की "सबसिडी वजा जाता" म्हणून छापलेली किंमत आज भरायची रक्कम असेलच असे नाही. पुष्कळदा आधी पूर्ण पैसे भरावे लागतात आणि अनुदान संच सुरू होऊन तपासणी झाल्यावर खात्यात येते. कर्ज काढले असेल तर मधल्या काळात त्या रकमेवरही व्याज चढते आणि ते खर्चात धरायला हवे. दुसरी ही, की उंच सांगाडा, मीटर बदलण्याचे शुल्क आणि मंजूर भार वाढवण्याचा खर्च या बाबी अनेकदा "प्रत्यक्षानुसार" या शब्दाखाली ठेवलेल्या असतात. त्या मिळून 16,000 रुपये झाल्या, तर आपल्या उदाहरणातल्या 2 किलोवॅटच्या संचाचा कालावधी 3 वर्षांवरून 3.6 वर्षांवर जातो.

पॅनेलची क्षमता दरवर्षी साधारण अर्धा टक्का घटते, पण तीन-चार वर्षांच्या हिशेबात त्याने फारसे बिघडत नाही. इन्व्हर्टर बहुधा दहा ते पंधरा वर्षांत बदलावा लागतो. परतफेड त्याआधीच झाली असेल तर हा खर्च तिला लांबवत नाही, पण पुढच्या वर्षांच्या नफ्यातून तो वजा होतो. विजेचे दर दरवर्षी इतके टक्के वाढतील असे धरून केलेला हिशेब मी बाजूला ठेवतो. दर वाढले तर कालावधी आपसूक कमी होईल.

संच बसल्यावर इन्व्हर्टरने दाखवलेली निर्मिती महिन्याला लिहून ठेवावी. ढगाळ महिन्यांतली घट साहजिक आहे, म्हणून निकाल वर्षाचा पाहावा. आपल्या उदाहरणात 2 किलोवॅटला वर्षाला 2,400 युनिट यायला हवीत. 1,900 च आली तर आधी सावली आणि धूळ तपासावी, आणि त्या दोन्ही नसतील तर पॅनेलच्या एखाद्या ओळीची जोडणी सुटली आहे का हे बसवणाऱ्याला बोलावून पाहून घ्यावे. तोवर परतफेडीचा कालावधी 3 नव्हे, पावणेचार ते चार वर्षे धरावा.