पेन्सिलीतली तारीख

15 जानेवारी 2025, संक्रांतीचा दुसरा दिवस. कोल्हापूर जिल्ह्यात ऊसतोड टोळीच्या कोप्यांवर आमचं लसीकरण सत्र होतं. एक बाई मुलीला कडेवर घेऊन आली. कार्ड गावाकडं पेटीत राहिलं होतं, पण दिराकडून फोटो मागवला होता. "सिस्टर, सगळे डोस झाल्यात बघा, लिवलंय."

फोटो बऱ्यापैकी होता. फक्त कार्ड मधोमध दुमडलेलं आणि घडीवर फ्लॅशचा पांढरा पट्टा. अशा वेळी मी आधी एकच गोष्ट शोधते, जन्मतारीख. ती स्पष्ट होती, 12 फेब्रुवारी 2024. मग वहीत आडवे रकाने आखले: तारीख, लस, कितवा डोस, त्या दिवशी वय किती, शेरा. कार्डावर लसी नावानुसार असतात, मी तारखेनुसार उतरवते. एका तारखेला एकत्र काय दिलं ते शेजारी-शेजारी आलं, की चूक आपोआप डोळ्यांत भरते.

जन्माच्या वेळच्या तीन नोंदी दवाखान्यातल्या, इंग्रजी आकड्यांत: हिपॅटायटिस बी 12/2, बीसीजी आणि पोलिओचा शून्य डोस 13/2. पुढचं हस्ताक्षर उपकेंद्रातल्या सिस्टरचं, मराठी आकड्यांत. १०/४ ला पोलिओ, पेंटा, रोटा, पीसीव्ही आणि एफ-आयपीव्ही, सगळ्यांचे पहिले डोस. वय 58 दिवस. सहा आठवड्यांनंतरच दिलेत, म्हणजे ठीक.

पेंटाच्या दुसऱ्या डोसाला मी झरझर 8/4 लिहून मोकळी झाले आणि वहीकडं बघून थबकले. पहिला डोस 10 एप्रिलला, मग दुसरा 8 एप्रिलला कसा? फोटो मोठा करून पाहिला. तो मराठी ५ होता. वरच्या इंग्रजी नोंदी वाचून आल्यामुळं माझी नजर इंग्रजीतच राहिली होती, आणि घाईत काढलेला ५ इंग्रजी 4 सारखाच दिसतो. 8 मे धरलं की अंतर बरोबर 28 दिवस भरतं. खात्रीसाठी फोनवर कॅलेंडर काढलं. 10 एप्रिल बुधवार, 8 मे बुधवार, तिसऱ्या डोसाची 12 जूनसुद्धा बुधवार, आणि तिन्ही त्या-त्या महिन्यातले दुसरे. त्या गावचं सत्र दुसऱ्या बुधवारी भरत असणार. 8 एप्रिल सोमवार होता.

8 मेच्या ओळीत तीन आणि 12 जूनच्या ओळीत पाच लसी आल्या. एकूण सोळा नोंदी झाल्या.

सतरावी गोवर-रुबेलाची, १३/११. हाही दुसरा बुधवार आणि वय नऊ महिने एक दिवस. इतकी चपखल तारीख, की मी पेन टेकवलंच होतं. पण त्याच दिवशी द्यायचा पीसीव्हीचा बूस्टर, एफ-आयपीव्हीचा तिसरा डोस आणि जीवनसत्त्व अ, हे तिन्ही रकाने कोरे! एक लस देऊन बाकीच्या राहिल्या असं होतं कधीकधी, साठा संपलेला असतो. पण तिन्ही एकदम? पुन्हा फोटो ताणून पाहिला. बाकीच्या तारखा निळ्या, ही करडी आणि फिकट. पेन्सिल!

"ताई, तुम्ही इकडं कधी आलात?"

"दिवाळी झाली की लगीच. पाडवा केला आन् निघालो."

पाडवा 2 नोव्हेंबरला होता. म्हणजे 13 नोव्हेंबरला ही पोर याच कोपीत होती. जूनमध्ये सिस्टरनं पुढच्या वेळी कधी यायचं ते पेन्सिलीनं त्या चौकटीत लिहून ठेवलं होतं. आमच्यातल्या पुष्कळ जणी असं करतात. कार्ड हातात असलं तर शिसं लगेच ओळखू येतं, फोटोत येत नाही.

तरी आईच्या आठवणीवर आणि माझ्या तर्कावर नोंद ठेवायची नव्हती. दिराकडून गावच्या आशाताईंचा नंबर मिळाला, त्यांनी उपकेंद्रात फोन जोडून दिला. तिथं कार्डाचा अर्धा भाग जपून ठेवलेला असतो. सिस्टरनं पाहून सांगितलं, "नोव्हेंबरचं काहीच नाही हो. स्थलांतरित म्हणून शेरा मारलाय मी." मेची तारीखही तिनं वाचून दाखवली, आठच.

त्या ओळीत मी तारखेऐवजी 'दिली नाही, फोटोतली तारीख देय' असं लिहिलं. ती नोंद तशीच गेली असती, तर नऊ महिन्यांच्या लसी झाल्या असं धरून आम्ही तिला सोळाव्या महिन्यापर्यंत विचारलंही नसतं, आणि इथं एकेका कोपीत पाच-सहा माणसं झोपतात. त्या दिवशी तिला चारही गोष्टी दिल्या. अकरा महिने तीन दिवसांची होती. गोवराची सुई टोचल्यावर अशी किंचाळली की शेजारच्या कोपीतली कुत्री भुंकायला लागली.

नवीन कार्डावर सगळ्या सोळा नोंदी उतरवल्या आणि आजच्या चार नोंदीही पेनानं भरल्या. पुढची तारीख लिहिताना सवयीनं पेन्सिल हातात आली होती. ती ठेवली. चौकट मोकळी सोडली आणि बाहेर समासात पेनानं लिहिलं, 'पुढे यायचे: 12 जून 2025 नंतर, गावी'.