रिकव्हरीची पानं

थंडी पडली की आमच्याकडे टीएमटीची, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदय तपासायच्या टेस्टची, गर्दी कमी होते आणि पावसाळा लागला की वाढते, कारण हिल मॅरेथॉन जवळ येते. अर्धा सातारा यवतेश्वरच्या घाटात पळायला लागतो आणि त्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या लोकांना घरचे फिटनेस सर्टिफिकेट आणायला पाठवतात. त्यातलेच हे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, वय ५१, अंगानं काटक. 'आठवड्यातून चार दिवस घाट चढतो, डॉक्टर. मॅडमच्या समाधानासाठी आलोय,' असं म्हणत त्यांनी शर्ट काढला. विश्रांतीचा ईसीजी चांगला होता, रक्तदाब १३६/८४. सोबत पाच महिन्यांपूर्वीचा दुसरीकडचा टीएमटी रिपोर्टही होता: निगेटिव्ह.

ब्रूस प्रोटोकॉलमध्ये दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. पहिल्या टप्प्यात माणूस ताशी २.७ किलोमीटरनं रमतगमत चालतो, तिसऱ्यात वेग साडेपाचच्या आसपास आणि चढ १४ टक्के होतो. गुरुजी दोन टप्पे गप्पा मारत चालले. दुसऱ्याच्या शेवटी रक्तदाब १६४, ठोके १२८. सगळं हवं तसं.

सातव्या मिनिटाला ठोके १४६ झाले आणि मशीननं टुणटुण केलं. २२० वजा वय, त्याचे ८५ टक्के म्हणजे १४४, ते ओलांडले होते. पुष्कळ ठिकाणी ही टुणटुण म्हणजे शाळेची घंटा सुटल्यासारखी असते. पट्टा बंद, पुढचा पेशंट. पण ठोक्यांचं लक्ष्य गाठलं हे थांबण्याचं कारण नाही. लक्ष्य न गाठता टेस्ट संपली तर तिला निगेटिव्ह म्हणता येत नाही, एवढाच त्याचा उपयोग. लक्षणं नसताना, ईसीजी आणि रक्तदाब बिघडलेला नसताना माणूस चालू शकतोय तोवर चालवायचं.

आता स्क्रीनवर मशीन छातीवरच्या व्ही-५ तारेत एसटी, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकानंतरची रेघ, उणे १.८ मिलिमीटर दाखवत होतं. टेक्निशियन ताई माझ्याकडे बघायला लागली. मशीन जो ठोका मोठा करून दाखवतं तो खरा ठोका नसतो. बऱ्याच ठोक्यांची सरासरी काढून, हलणारी रेघ सरळ करून ते एक गुळगुळीत चित्र बनवतं, आणि त्या सफाईत कधी नसलेला खड्डा तयार होतो. म्हणून मी कच्चा कागद काढायला लावतो. ठोक्याची पहिली छोटी पी लाट संपून क्यूआरएस, म्हणजे ते उंच टोक, सुरू होण्याआधी जो छोटा सपाट तुकडा असतो तो आपला शून्य, कारण पळताना ठोके इतके जवळ येतात की ठोक्याची शेवटची टी लाट आणि पुढच्या पी मधली मोकळी रेघ उरतच नाही. तिथून बघायचं की क्यूआरएस संपतो त्या जे पॉइंटपासून दीड ते दोन बारीक चौकोन पुढे रेघ किती खाली आहे आणि तिचा कल कुठे आहे. गुरुजींच्या कागदावर जे पॉइंट खाली होता, पण रेघ तिथून झपझप वर चढत होती. पळणाऱ्या निरोगी माणसातही असं दिसतं. तेवढ्यावर मी कुणाला आजारी ठरवत नाही.

आठ मिनिटं वीस सेकंदांच्या पट्टीवर तो चढ मोडला होता. लागोपाठ तीन ठोक्यांत रेघ आडवी, एक मिलिमीटरभर खाली. ताईंनी रक्तदाब घेतला: १५०. हलत्या हातावर चूक होते, म्हणून मी स्वतः स्टेथोस्कोप लावून पुन्हा घेतला. १४८. श्रम वाढतायत आणि वरचा आकडा १६४ वरून खाली येतोय. नुसत्या एक मिलिमीटरच्या एसटीसाठी मी पट्टा थांबवला नसता, पण एसटी बिघडलेली असताना रक्तदाब दहापेक्षा जास्त पडला की वाट बघायची नसते. हृदयाचा मोठा भाग उपाशी पडून पंपच ढिला पडत असण्याची शक्यता असते. ताई म्हणाल्या, 'सर, वीस-बावीस सेकंदांत नऊ पूर्ण होतील.' गुरुजी म्हणाले, 'मला काही होत नाहीये, चालू द्या.' मी ८:४० ला बंद केलं. तिसरा टप्पा पूर्ण झाल्याचं कागदावर छान दिसतं, याचा मोह आमच्या धंद्यात फार.

खरी टेस्ट त्यानंतर सुरू झाली. गुरुजींना कॉटवर बसवलं. ठोके कमी होत होते, श्वास खाली बसत होता, आणि एसटी मात्र सुधारायच्या ऐवजी बिघडत होती. दुसऱ्या मिनिटाला व्ही-४ ते व्ही-६ मध्ये रेघ दोन मिलिमीटर खाली जाऊन आणखी खाली उतरत होती आणि टी उलटी व्हायला लागली होती. एव्हीआर या तारेत एसटी एक मिलिमीटर वर. मी विचारलं, 'छातीत काही?' 'छातीत नाही. खालचा जबडा दाटल्यासारखा वाटतोय. ते घाटातही होतं, दातांचं आहे.' कधीपासून? 'दुसऱ्या टप्प्यापासून असेल.' म्हणजे मी 'छातीत दुखतंय का' विचारत होतो आणि ते प्रामाणिकपणे 'नाही' म्हणत होते.

तिसऱ्या मिनिटाला रक्तदाब १५८ वर आला, तेव्हा हृदयाच्या नळ्या सैल करणारी सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली दिली. रेघ जागेवर यायला नऊ मिनिटं लागली. पळताना खाली गेलेली एसटी मिनिटभरात वर आली तर मी जरा कमी घाबरतो. पाच मिनिटांनंतरही खालीच राहिली तर ते लक्षण गंभीर.

ड्यूक स्कोअर, म्हणजे टेस्टवरून धोका मोजायचा आकडा, काढला. पळण्याची मिनिटं ८.७, त्यातून एसटीच्या दोन मिलिमीटरची पाचपट वजा, हृदयाचं दुखणं जबड्यात होतं पण त्यानं टेस्ट थांबली नाही म्हणून आणखी चार वजा. उणे ५.३, म्हणजे मध्यम धोका. त्या सूत्रात पडलेला रक्तदाबही नाही आणि ती नऊ मिनिटंही नाहीत. मी 'मध्यम' शब्द रिपोर्टात ठेवला आणि खाली हातानं दोन ओळी लिहून त्याच दिवशी अँजिओग्राफीला पाठवलं. कुठली नळी हे एसटी खाली जाण्यावरून सांगता येत नाही, तसा अंदाज मी लिहिला नाही. निघालं ते असं: डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा आणि उजवीही अरुंद. बायपास झाली.

पाच महिन्यांपूर्वीचा तो जुना रिपोर्ट मी ठेवून घेतला, गुरुजींच्या परवानगीनं. सात मिनिटं, लक्ष्य गाठलं, एसटी वर चढणारी, निगेटिव्ह. इथवर मीही तेच लिहिलं असतं. पण पट्टा थांबल्यानंतरच्या रिकव्हरीचं पान एकच, अठ्ठावन्न सेकंदांचं. मग इलेक्ट्रोड काढले असणार, बाहेर रांग असणार. रक्तदाबाचा तक्ता बघितला तर तिसऱ्या टप्प्याचा रकानाच कोरा. ज्यांनी तो केला त्यांना मी फोन केला, भांडायला नाही. ते म्हणाले, 'टार्गेट झालं होतं, काही दुखत नव्हतं, काय करायचं होतं?'

तेव्हा अडथळा एवढा नसेलही. त्या शेवटच्या पट्टीवर भिंग धरून मी व्ही-५ मोजलं आहे. जे पॉइंटपुढे दोन चौकोनांवर रेघ अर्धा मिलिमीटर खाली आहे आणि तिचा चढ एव्हाना कमी झालेला आहे. अर्ध्या मिलिमीटरवर कुणीही पॉझिटिव्ह लिहीत नाही. पण त्या कागदावर माणूस थांबला होता आणि रेघ वर यायच्या ऐवजी सपाट होत चालली होती. दुसरं मिनिट छापलेलं नाही. आमच्याकडे आता किमान सहा मिनिटं रिकव्हरी, मग बाहेर कितीही लोक असोत. ताई त्यावर नाराज आहेत, कारण दुपारचे दोन पेशंट दुसऱ्या दिवशी जातात.