सरांचे ‘हो’ नेमके कोणाला होते?

ऑगस्टच्या मध्यावर, कपाशीला फुले लागण्याच्या दिवसांत, आमच्या संस्थेने विदर्भातील शेतकऱ्यांसाठी गुलाबी बोंडअळीवर एक वेबिनार घेतला. बोलणारे सर कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले कीटकशास्त्रज्ञ होते. ते दीड तास बोलले आणि बोलता बोलता चॅटमधील प्रश्नांची उत्तरे देत राहिले. माझ्याकडे काम एवढेच होते की सरांच्या बोलण्याचे शब्दांकन आणि चॅटमधील 286 टिप्पण्या एकत्र करून दोन पानांचा सारांश लिहायचा. त्यात सरांनी काय सांगितले ते वेगळे असावे आणि लोकांनी काय विचारले ते वेगळे असावे. सोमवारी सकाळी तो व्हॉट्सॲपवरून गावोगावच्या गटांत जाणार होता.

शब्दांकन आमच्या कार्यालयातील एका सहकारी मुलीने ध्वनिमुद्रण ऐकून वेळेसह टंकलेले होते. त्या फाइलमधील वेळ मुद्रण सुरू झाल्यापासून मोजलेली असते, तर जतन केलेल्या चॅटमध्ये घड्याळाची वेळ असते. म्हणजे एकीकडे ‘एकावन्न मिनिटे वीस सेकंद’ आणि दुसरीकडे ‘बारा वाजून तीस सेकंद’. ही दोन मोजमापे एका पट्टीवर आणल्याशिवाय कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाचे हे कळत नाही, कारण सर प्रत्येक प्रश्न वाचून दाखवत नाहीत. पुष्कळदा ते नुसते ‘हो’, ‘नाही, तसे करू नका’ किंवा ‘वर ज्यांनी विचारले आहे त्यांना सांगतो’ असे म्हणतात.

पट्टी जुळवायला मी एक खूण शोधली. 11:20:40 वाजता एकाने चॅटमध्ये विचारले होते की बोंडअळीचे पतंग पकडणारा कामगंध सापळा किती उंचीवर लावायचा. शब्दांकनात 16:50 ला सर हाच प्रश्न वाचतात आणि पिकाच्या शेंड्यापेक्षा एक ते दीड फूट वर असे उत्तर देतात. मुद्रण 11:04:30 वाजता सुरू झाल्याची नोंद आयोजकांकडे होती. त्या हिशेबाने प्रश्न टंकल्यानंतर चाळीस सेकंदांनी तो वाचला गेला होता, आणि तेवढा वेळ सहज लागतो. माझे समाधान झाले. प्रत्येक टिप्पणीच्या वेळेतून साडेचार मिनिटे आणि अकरा तास वजा करून मी दोन्ही फायली एका तक्त्यात एकाखाली एक लावल्या.

त्याआधी मी आणखी एक गोष्ट केली होती, ती येथे सांगितली पाहिजे. चॅटमधील कचरा काढून टाकला होता. ‘नमस्कार सर’, ‘राम राम’, ‘आवाज येत नाही’, ‘आता येतोय’, हात जोडलेली चित्रे असे सगळे मिळून नव्वदच्या वर ओळी होत्या. सारांशात त्यांचा उपयोग नव्हता आणि वाचताना त्यांचा त्रास होत होता. चॅट हाताळणारा बहुतेक कोणीही पहिले काम हेच करतो. मीही इतकी वर्षे हेच करत आले होते.

मग वर्गवारीला बसले. प्रश्नचिन्हावरून प्रश्न ओळखायचा म्हटले तर हे काम दहा मिनिटांत होते आणि साफ चुकते. ‘40 दिवसांची कपाशी आहे, पात्या गळत आहेत’ यात प्रश्नचिन्ह नाही, पण तो प्रश्नच आहे. माणूस उपाय विचारतो आहे. उलट ‘निंबोळी अर्क का नाही वापरत लोक?’ यात चिन्ह आहे, पण विचारणाऱ्याला काहीही विचारायचे नाही, त्याला सल्ला द्यायचा आहे. सरही मधूनच म्हणतात, ‘मग फवारणी कधी करायची?’ आणि पुढच्याच वाक्यात स्वतः सांगतात की सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी 8 किंवा त्याहून जास्त पतंग पडले, की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजायचे. तो प्रश्न म्हणजे शिकवण्याचीच एक पद्धत आहे. त्यांनी एकदा सगळ्यांना विचारले, ‘तुमच्याकडे रात्रीला किती पतंग पडतात?’ त्यावर चॅटमध्ये ‘3’, ‘11’, ‘सापळा नाही’, ‘5’ अशा ओळींची रांग लागली. हे आकडे प्रश्न नव्हेत आणि शिकवणही नव्हेत. त्यांच्यासाठी मला तिसरा रकाना करावा लागला. त्याला मी ‘सहभागींनी सांगितलेले’ असे नाव दिले.

शिकवणीच्या रकान्यात मात्र एक अडचण येते. सरांचे ‘नाही’ एकटे उभे राहू शकत नाही. ‘पाच पतंग पडले तर लगेच फवारणी करायची का?’ आणि ‘नाही’ ही जोडी मिळूनच शिकवण होते. म्हणून अशा ठिकाणी मी प्रश्नातील आशय उचलून सरांच्या उत्तरात मिसळला आणि एक पूर्ण विधान लिहिले. वाचणाऱ्याला सोपे जावे म्हणून केलेली हीच गोष्ट पुढे अंगाशी आली.

रविवारी संध्याकाळी कच्चा सारांश यवतमाळकडच्या आमच्या क्षेत्र कार्यकर्त्याला वाचायला पाठवला. अर्ध्या तासात त्यांचा फोन आला.

“ताई, हे पाचव्या मुद्द्यातलं सर बोलले? दोन औषधं एकत्र करून फवारावीत म्हणून?”

“बोललेत. कोणीतरी तसं लिहिलं होतं, त्यावर सर म्हणाले, हो, बरोबर आहे, असंच करायला हवं.”

“सर असं बोलणारच नाहीत. तुम्ही परत एकदा ऐका.”

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. तेव्हापासून औषधे मनाने एकत्र करू नका हे त्या भागात प्रत्येक सभेत सांगितले जाते. कार्यकर्त्याने ते शेकडो वेळा सांगितलेले असणार. मी ध्वनिमुद्रण उघडले आणि त्या जागी गेले.

```
00:51:20.000 --> 00:51:23.500
हो, बरोबर आहे. असंच करायला हवं.
```

वाक्य होते तसेच होते. माझ्या तक्त्यात त्याच्या लगेच वर 11:55:40 ची टिप्पणी होती, ‘मी दोन औषधे मिसळून मारतो, रिझल्ट चांगला येतो’. माझ्या हिशेबाने सरांचे वाक्य 11:55:50 चे, म्हणजे अवघ्या दहा सेकंदांनंतरचे. जोडी इतकी नेमकी जुळत होती की शंका यायला जागाच नव्हती.

म्हणून मी पुढची एखादी अशी जागा शोधली जिथे सर प्रश्न शब्दशः वाचतात. ती तासाभराच्या आसपास मिळाली. ‘फरदड ठेवली तर पुढच्या वर्षी अळी वाढते का?’ हा प्रश्न सर 1:00:05 ला वाचून दाखवतात. फरदड म्हणजे वेचणी झाल्यावरही शेतात राखलेली कपाशी. माझ्या पट्टीवर ती वेळ 12:04:35 येत होती, आणि चॅटमध्ये तो प्रश्न टंकला गेला होता 12:08:20 वाजता. म्हणजे प्रश्न विचारला जाण्याच्या पावणेचार मिनिटे आधी सरांनी तो वाचला होता! उत्तर प्रश्नाच्या आधी आले की पट्टी सरकलेली आहे यात वाद उरत नाही. उत्तर उशिरा आले तर नुसते पाहून काही कळत नाही, कारण सर चार मिनिटांपूर्वीचा प्रश्नही उचलू शकतात.

मूळ चॅट पुन्हा उघडले, त्या काढून टाकलेल्या ओळींसकट. 11:37:50 पासून ‘आवाज येत नाही’ अशा ओळी सुरू होत होत्या आणि 11:42 पर्यंत येतच राहिल्या होत्या. माझ्या पट्टीवर त्या ओळी ज्या वेळेसमोर येत होत्या, तिथे शब्दांकनात सर हिरव्या बोंडांची तपासणी अखंडपणे समजावून सांगत होते: एकरी वीस बोंडे फोडून पाहा, दोनांत अळी दिसली तर दहा टक्के झाले. आवाज गेला असताना माणूस असा बोलत राहिला तर मुद्रणात शांतता तरी असती किंवा खरखर तरी. आयोजकांना विचारले, तेव्हा कळले की सरांकडची जोडणी तुटली म्हणून त्यांनी 11:38:10 ला मुद्रण थांबवले होते आणि 11:42:50 ला पुन्हा सुरू केले होते. ही चार मिनिटे चाळीस सेकंद घड्याळात होती, फाइलमध्ये नव्हती. ज्या ओळींनी ते मला सांगितले असते, त्या मी पहिल्या दिवशीच पुसल्या होत्या. आणि माझी एकमेव खूण खंड पडण्याच्या आधीची होती, तेथे सगळे बरोबरच दिसणार होते.

तक्त्यातील सूत्र मग असे झाले:

```
=IF(A2<TIME(11,38,10), A2-TIME(11,4,30),
 MAX(TIME(0,33,40), A2-TIME(11,9,10)))
```

खंडापूर्वीच्या टिप्पण्यांमधून जुना फरक जातो, नंतरच्यांमधून 11:09:10 जाते, आणि खंडाच्या काळात लिहिलेल्या सगळ्या 33:40 या एकाच जागी गोळा होतात, कारण तेव्हा सर बोलतच नव्हते. MAX घातले नाही तर त्या मागे सरकून खंडापूर्वीच्या बोलण्यात शिरतात. नव्या पट्टीवर फरदडीचा प्रश्न वाचला गेला तो टंकल्यानंतर 55 सेकंदांनी. आणि सरांचे ‘हो, बरोबर आहे’ आले 12:00:30 वर. त्याच्या पंचवीस सेकंद आधी एका शेतकऱ्याने लिहिले होते, ‘डोमकळ्या तोडून अळीसकट नष्ट कराव्या का?’ डोमकळी म्हणजे आत अळी असल्याने नीट न उमललेले फूल.

सरांना फोन करून खात्री केली. ते म्हणाले, “डोमकळीचंच बोललो मी. ते मिसळण्याचं तर मी पाहिलंसुद्धा नाही.” मी ती टिप्पणी गाळू का असे विचारले, तर त्यांनी नको म्हटले. एकाने लिहिले म्हणजे दहा जण तसे करत असणार, तेव्हा ती ‘सहभागींनी सांगितलेले’ यात राहू द्या आणि तिच्याखाली माझ्या नावाने लिहा की औषधे एकत्र करू नयेत, असे ते म्हणाले.

रात्री अकरापर्यंत बसून खंडानंतरच्या सगळ्या जोड्या पुन्हा तपासल्या. एकूण नऊ बदलल्या. त्यातील बहुतेक निरुपद्रवी होत्या. एके ठिकाणी मात्र ‘पाच पतंग’च्या प्रश्नाचे ‘नाही’ हे ‘पाऊस पडल्यावर पुन्हा फवारावे का’ याला चिकटले होते. या वेळी प्रश्न आणि उत्तर मिसळून एकसंध विधान करण्याचे मी टाळले. जिथे सरांनी प्रश्न वाचला नव्हता, तिथे प्रश्न त्याच्या मूळ शब्दांत ठेवला आणि उत्तर त्याखाली दिले, म्हणजे जोडी चुकली असेल तर वाचणाऱ्याला ती दिसावी. सारांश दोनाऐवजी अडीच पानांचा झाला.

शेवटी सात प्रश्न असे उरले की ज्यांचे उत्तर वेबिनारमध्ये कुठेच नव्हते. सहांची उत्तरे सरांनी सोमवारी सकाळी फोनवर दिली. सातवा प्रश्न होता, ‘माझ्याकडे दोन सापळ्यांत फार फरक येतो, कोणता धरू?’ सर म्हणाले की शेत किती आहे आणि सापळे कुठे लावले आहेत हे कळल्याशिवाय सांगता येणार नाही, त्या शेतकऱ्याला विचारून कळवा. चॅटमध्ये त्याचे नाव पाहिले. फोन हातात घेऊन तसाच आत आलेला माणूस होता, नाव बदललेले नव्हते. सारांशात तो प्रश्न ‘उत्तर न मिळालेले’ या मथळ्याखाली एकटाच गेला, आणि विचारणाऱ्याच्या जागी `Galaxy A12` असे लिहावे लागले.