तुम्ही विचारलंत म्हणून: बायसेक्शनबद्दल

“न्यूटन-राफसन पाच-सहा फेऱ्यांत उत्तर देते. मग तुमच्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये ते कासवाच्या गतीचं बायसेक्शन अजून कशाला?”

कारण एकदा तोंडावर आपटलोय. थोडक्यात एवढंच. पण थोडक्यात सांगितलं की समोरचा हसतो आणि न्यूटनच्या वर्गीय अभिसरणाबद्दल, म्हणजे मुळाजवळ दर फेरीला बरोबर अंक साधारण दुप्पट होण्याबद्दल, मलाच समजावू लागतो, म्हणून या वेळी सगळं सांगतो. दोन्ही समीकरणाचं मूळ फेऱ्या-फेऱ्यांनी शोधायच्या पद्धती: न्यूटन स्पर्शिकेवरून पुढचा अंदाज काढते, बायसेक्शन मूळ ज्यात कोंडलंय ते अंतर दर फेरीला निम्मं करतं.

मला एका धूमकेतूची कक्षा काढायची होती. उत्केंद्रता ०.९९, म्हणजे लंबवर्तुळ फारच लांबट. ठरावीक वेळेला धूमकेतू कुठे असेल हे काढायला केप्लरचं समीकरण सोडवावं लागतं:

```
E - e*sin(E) = M
```

M वेळेच्या प्रमाणात वाढतो, e ही उत्केंद्रता, आणि E हा कोन आपल्याला हवा. E चं थेट सूत्र मिळत नाही, म्हणून फेऱ्या. सुरुवातीचा अंदाज मी `E = M` घेतला. पृथ्वीसाठी e फक्त ०.०१६७ आहे आणि मंगळासाठी ०.०९३४. तिथे E आणि M जवळजवळ सारखेच असतात, त्यामुळे दोन-तीन फेऱ्यांतच उत्तर स्थिर व्हायचं. मी सढळ हाताने चार फेऱ्या ठेवल्या आणि पुढे गेलो. उत्तर स्थिर झालं की नाही हे तपासणारी ओळ लिहिली नाही. ग्रहांवर तिची गरजच पडली नव्हती, असं तेव्हाचा मी म्हणेल. त्याच्याशी माझं अजून भांडण आहे.

धूमकेतूचं चित्र सुंदर आलं. सगळे ठिपके अगदी लंबवर्तुळावर. मी ते चार लोकांना दाखवलं आणि कोणालाच काही खटकलं नाही. खटकणार कसं? E वरून बिंदू काढायचं सूत्रच असं आहे की E ची कुठलीही किंमत घाला, अगदी मनात येईल ती, बिंदू कक्षेवरच पडतो. चूक जागेची नव्हती, वेळेची होती. ‘या दिवशी धूमकेतू इथे’ यातला ‘या दिवशी’ खोटा होता, आणि कक्षेचं चित्र ते कधीच सांगणार नव्हतं.

काही दिवसांनी ठिपके वेळेच्या क्रमाने रेषेने जोडले, तेव्हा सूर्याजवळच्या टोकाशी रेषा मागेपुढे धावू लागल्या, लंबवर्तुळाच्या आतून आडव्या जाऊ लागल्या. धूमकेतू पुढे जाऊन मागे येत होता आणि परत पुढे उडी मारत होता. आधी मला वाटलं की ठिपके क्रमाने लावतानाच चूक झाली असेल. ती संध्याकाळ त्यातच गेली.

शेवटी `M = 0.1` घेऊन एकेक फेरी छापली. ०.१ वरून सुरुवात, मग ६.७१, मग उणे ५५.३०, मग २६.३६, मग उणे ११.७८. चार फेऱ्या संपल्या, आणि प्रोग्रॅमने शेवटची किंमत उत्तर म्हणून निमूटपणे देऊन टाकली. खरं उत्तर ०.८३१७ आहे. उणे ११.७८ मध्ये दोन पूर्ण वर्तुळं मिळवली की ०.७८ येतात. म्हणजे ठिपका खऱ्या जागेपासून अगदीच हास्यास्पद दूर नाही, थोडा मागे राहिलेला, एवढंच. धडधडीत चुकीचं दिसलं असतं तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं.

दोष कुठे होता, तेही सांगतो. न्यूटनमध्ये फंक्शनच्या किमतीला उताराने भागायचं असतं. इथे उतार आहे `1 - e*cos(E)`. E लहान असेल तर cos जवळजवळ १, आणि e ०.९९, म्हणून ०.१ वर उतार जेमतेम ०.०१५ येतो. फंक्शन तिथे उणे ०.०९९. भागाकार ६.६. जवळपास सपाट जागी उभं राहून स्पर्शिका अक्षाला कुठे छेदते ते पाहिलं, तर ती लांबच छेदणार. आणि e एकाच्या जवळ असताना M लहान म्हणजे सूर्याजवळचा भाग. धूमकेतू सर्वांत वेगाने पळतो तो तिथेच, आणि मला नेमका तोच भाग हवा होता.

“मग फेऱ्या वाढवायच्या,” असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. `M = 0.1` ला फेऱ्या वाढवल्या तर आकडा भटकत भटकत शेवटी मुळाच्या टप्प्यात येतोही. पण वाटेत एखाद्या सपाट जागी जरा इकडेतिकडे पाय पडला की पुढची उडी पार बदलते. किती फेऱ्या लागतील हे आधी सांगता येत नसेल, तर त्या पद्धतीला वेगवान म्हणायचं कशाच्या जोरावर?

बायसेक्शनला हा प्रश्नच पडत नाही. M ० ते π मध्ये असेल तर मूळ M आणि `M + e` यांच्यामध्ये कोंडलेलं असतं: `E = M` ठेवलं की फंक्शन `-e*sin(M)`, म्हणजे शून्य किंवा ऋण, `E = M + e` ठेवलं की शून्य किंवा धन. हे अंतर ०.९९ चं. दर फेरीला निम्मं करत गेलात की ३४ फेऱ्यांत ते दहाव्या दशांशाच्या आत येतं. चौतीसच, हे आधीच माहीत. हल्ली मी दोन्ही एकत्र वापरतो: न्यूटनची उडी कोंडलेल्या अंतराच्या आत पडली तर घ्यायची, बाहेर पडली तर ती टाकून मध्यबिंदू घ्यायचा. वरच्या उदाहरणात ६.७१ ही पहिलीच उडी ०.१ ते १.०९ च्या बाहेर आहे, म्हणजे ती तिथल्या तिथे नाकारली गेली असती. शेवटी काढलेला E समीकरणात परत घालून पाहतो. उणे ११.७८ घातले तर डाव्या बाजूला ०.१ च्या जागी उणे १२.४८ येतात. तेव्हा ही एक ओळ लिहिली असती तर बाकी काहीच घडलं नसतं.

आता पंचाईत. हे मला एकाने दाखवलं आणि तो बरोबर होता. याच समीकरणात `E = π` पासून सुरुवात करा: १.६१, १.११, ०.८९०, ०.८३५, ०.८३१७. पाच फेऱ्यांत चार दशांश, कुठेही उडी नाही. आणि हे नशीब नाही. ० ते π मध्ये हे फंक्शन चढतं आहे आणि त्याचा उतारही वाढता आहे, म्हणून मुळाच्या उजवीकडून निघालेली न्यूटन दर फेरीला डावीकडे सरकते आणि मूळ ओलांडत नाही. e एकापेक्षा कमी आहे तोवर हे सिद्ध करता येतं. म्हणजे ज्या समीकरणाने मला बायसेक्शनकडे ढकललं, त्यालाच बायसेक्शनची गरज नव्हती. गरज होती ती सुरुवातीचा अंदाज डोकं वापरून निवडण्याची.

यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. मी म्हणतो की प्रत्येक फंक्शनची वक्रता आधी माहीत नसते. तो म्हणतो, मग ती शोध, आळस करू नकोस. मग मी जरा चिडून म्हणतो की बायसेक्शनला तरी वक्रता लागत नाही, फक्त चिन्ह बदललेलं लागतं. यावर त्याने मला `tan(x)` दिलं, १ ते २ मध्ये. चिन्ह बदलतं. माझा प्रोग्रॅम शांतपणे १.५७०८ वर पोचला आणि म्हणाला, हे घ्या मूळ. तिथे मूळ नाहीच, तिथे फंक्शन अनंताकडे जातं.

ती शेवटची तपासणी होती म्हणून पकडलं गेलं. बायसेक्शनने पकडलं नाही.