एका शॉटचे तीन ग्लास: रिस्ट्रेटो, एस्प्रेसो, लुंगोची नोंद

ग्राइंडर आता एका जागी स्थिरावलाय. चिकमगळूरची मीडियम रोस्ट अरेबिका, १८ ग्रॅम पुडीचा डोस, कपात ३६ ग्रॅमचा शॉट, पंप सुरू केल्यापासून २८ सेकंद. त्यामुळे बरेच दिवस मनात असलेला प्रयोग करून बघितला: एकच शॉट तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळ्या ग्लासांत घ्यायचा. सलामीच्या चकत्या कापतात तसा, म्हणून याला सलामी शॉट म्हणतात.

ड्रिप ट्रेवर वजनकाटा ठेवला आणि सारख्या वजनाचे तीन छोटे ग्लास घेतले. वजन सारखं असलं की ग्लास बदलल्यावर काटा आपोआप शून्यावर येतो, मध्ये टेअर करायची धावपळ होत नाही. १८ ग्रॅम भरले की पुढचा ग्लास. पहिला १९व्या सेकंदाला भरला, दुसरा २८व्याला, तिसरा ३७च्या आसपास. धार सुरुवातीला गडद तपकिरी आणि दाट होती, तिसऱ्या ग्लासात फिकट पिवळसर आणि पातळ.

चव घेताना क्रम मोडू नका, आणि प्रत्येक ग्लास चमच्याने ढवळा. पहिला ग्लास म्हणजे पुडीइतक्याच वजनाचा, १:१ रिस्ट्रेटो: जिभेवर जड, आंबट, थोडा खारटही. दुसरा एकटा प्यायला तर हलका आणि गोडसर. तिसऱ्यात फक्त कडवटपणा आणि घशाशी कोरडेपणा. आम्लं आणि क्षार पाण्यात चटकन उतरतात, कडू-तुरट घटक सावकाश, म्हणून हा क्रम. पहिले दोन एकत्र केले की नेहमीचा एस्प्रेसो, तिन्ही एकत्र केले की १:३ लुंगो.

एका मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर हाताशी होता. पहिल्या ग्लासात विरघळलेली कॉफी १४ टक्के भरली, दुसऱ्यात ५, तिसऱ्यात जेमतेम १.७. वजनात मांडलं तर २.५ ग्रॅम, ०.९ ग्रॅम आणि ०.३ ग्रॅम. शॉट लांबवला की कडकपणा झपाट्याने उतरतो: १४, मग ९.५, मग ६.९ टक्के. पण पुडीतून निघालेली एकूण कॉफी वाढतच जाते: डोसच्या १४ टक्क्यांवरून १९ आणि मग जवळपास २१ टक्के. म्हणजे रिस्ट्रेटो सगळ्यात कडक असतो, पण त्यात कॉफी सगळ्यात कमी उतरलेली असते. ‘स्ट्राँग पाहिजे’ म्हणणाऱ्याला नेमकं काय हवंय, दाटपणा की कडूपणा, हे म्हणूनच विचारून घ्यावं लागतं.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती पुढची तुलना. नवा शॉट ३६ ग्रॅमवर थांबवला आणि त्यात १८ ग्रॅम गरम पाणी घातलं. आकारमान लुंगोएवढंच, कडकपणा ६.३ टक्के, म्हणजे लुंगोच्या अगदी जवळ. तरीही चव स्वच्छ आणि गोडसर, मागे कोरडेपणा नाही. फरक पडला तो त्या शेवटच्या ०.३ ग्रॅममुळे. पाणी पकमधून, म्हणजे दाबलेल्या पुडीच्या चकतीतून गेलं की उरलेलं कडू-तुरट घेऊन येतं, बाहेरून घातलेलं पाणी नुसतं पातळ करतं. मोठा कप हवा असेल तर या बियांसाठी मी शॉट लांबवणार नाही, पाणीच घालेन.

अमेरिकानो आणि लाँग ब्लॅक दोन्ही याच दुसऱ्या वाटेचे. अमेरिकानोत एस्प्रेसोवर पाणी ओतायचं, आणि ते मनासारखं भरपूर. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या लाँग ब्लॅकमध्ये कपात आधी गरम पाणी, साधारण १०० मिली, आणि त्यावर दुहेरी शॉट. क्रेमा, म्हणजे शॉटवरचा तपकिरी फेस, वर टिकतो, पाणी कमी असल्याने कप अधिक भरीव लागतो. मात्र क्रेमा स्वतः कडवट असतो, त्यामुळे पहिला घोट कडू लागला तर ढवळून घ्या. पाणी उकळतं वापरू नका, मिनिट-दोन मिनिटं निवू द्या. नाहीतर पहिल्या घोटाला जीभ भाजते आणि चव कळतच नाही.

एक मर्यादा लक्षात ठेवा. वरचे सगळे आकडे एकाच दळणाचे आहेत. तेच दळण ठेवून लवकर थांबवलेला रिस्ट्रेटो आंबटच लागणार. त्याची चव संतुलित करायची तर दळण बारीक करून २२ ग्रॅमला २८ सेकंद लागतील इतपत यायचं. अतिबारीक झालं की पाणी पकमध्ये फटी शोधतं: तळ उघडा असलेल्या बॉटमलेस पोर्टाफिल्टरखाली बारीक फवारे उडतात आणि एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही येतं. तसं दिसलं की दळण एक टप्पा जाड करा. लुंगोला उलट: दळण जाडसर, म्हणजे ५४ ग्रॅम ३० सेकंदांत येतात आणि शेवटचा कोरडेपणा बराच कमी होतो.

पुढची फेरी लाइट रोस्टवर. ती बी घट्ट असते, कॉफी सहज सोडत नाही, आणि १:२ ला माझ्याकडे आंबटच राहते. तिथे १:३ लुंगो जिंकेल असा माझा अंदाज आहे. १८ ग्रॅमवर ५४ ग्रॅम, मशीनचं तापमान ९४ अंश, आणि शेजारी तुलनेसाठी पाणी घातलेला ३६ ग्रॅमचा शॉट.