काळ्या मेंदीची ॲलर्जी: पायावरच्या पुरळापासून पॅच टेस्टपर्यंत

नणंदेच्या मुलाच्या लग्नात आम्हा तिघींची मेंदी एकाच बाईने काढली, त्याच त्या दोन कोनांनी. मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाज सुटली, माझ्या सोळा वर्षांच्या पुतणीला जवळजवळ दोन आठवड्यांनी, आणि जाऊबाईंना काहीच झालं नाही. त्यामुळे घरात सुरुवातीला एकच सूर होता: मेंदीत दोष असता तर तिघींनाही त्रास झाला असता, हे काहीतरी खाण्यातलं असणार. ऐकायला बिनतोड वाटतं खरं. पण ॲलर्जीचं गणित तसं चालत नाही, हे मला पुढच्या काही आठवड्यांत नीट कळलं.

आधी मेंदीबद्दल. आतलं भरण नेहमीच्या कोनाचं होतं आणि नक्षीला उठाव यावा म्हणून कडा काळ्या कोनाने काढल्या होत्या. हल्ली हीच पद्धत आहे. फरक तेव्हाच दिसत होता. काळ्या कडा अर्ध्या तासात पक्क्या झाल्या. भरण मात्र रात्रभर ठेवलं, लिंबू-साखरेचं पाणी लावलं, तव्यावर लवंगा टाकून धुरी घेतली, तरी सकाळी खरवडल्यावर ते केशरीच होतं. मेंदीच्या पानातला रंग असाच वागतो. त्याचं नाव लॉसोन. तो कातडीच्या वरच्या थरात हळूहळू मुरतो आणि एक-दोन दिवसांत केशरीचा तांबूस-तपकिरी होतो. अर्ध्या तासात काळाकुट्ट रंग पानातून येत नाही. तो येतो केसांच्या डायमधल्या रसायनातून, ज्याला पॅरा-फेनिलीनडायअमाइन किंवा सोप्या भाषेत पीपीडी म्हणतात. युरोपात केसांना लावायच्या मिश्रणात ते जास्तीत जास्त 2 टक्के चालतं आणि थेट कातडीवर लावायला परवानगीच नाही. काळ्या मेंदीच्या नमुन्यांत मात्र ते 15 टक्क्यांच्याही वर सापडलेलं आहे. कोनावर अर्थातच यातलं काही छापलेलं नसतं.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी पायाच्या वरच्या बाजूला खाज सुरू झाली. गर्दीत उभं राहून, नव्या चपला घालून झालं असेल असं वाटलं. रात्री पायावरून बोट फिरवलं तर अंधारातही वेलबुट्टी हाताला लागत होती! दिव्यात बघितलं तेव्हा फक्त काळ्या कडा लाल होऊन उचलल्या गेल्या होत्या. दोन कडांमधलं तपकिरी भरण सपाट आणि शांत. पुरळ नक्षीच्या रेषेबाहेर जात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या रेषांवर मोहरीएवढे पाण्याचे फोड आले आणि बोटांच्या मुळाशी, जिथे नक्षी दाट होती, तिथे ते एकमेकांत मिसळून लस वाहू लागली. तळहातावरही काळ्या कडा होत्या, पण तिथे थोडी खाज सोडून काही नाही. तळहाताची कातडी जाड असते, रसायन आत कमी जातं. हाताची आणि पावलाची वरची बाजू पातळ, म्हणून भोगते ती.

लग्नघरी सल्ल्यांना तोटा नसतो. एकीने हळद लावायला सांगितली, दुसरीने काळा रंग निघावा म्हणून टूथपेस्ट आणि लिंबू चोळायला. सोललेल्या कातडीवर लिंबू चोळलं तर काय होईल ते सांगायला नको, आणि कातडीशी बांधला गेलेला रंग चोळून निघतही नाही. मेडिकलवाल्याने एक मिश्र क्रीम दिलं, ज्यात बुरशीचं, जंतूंचं आणि स्टिरॉइडचं औषध एकत्र असतं. गजकर्ण असेल म्हणाला. वेलीच्या आकाराचं गजकर्ण कुणी बघितलंय?

सांगलीत त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाय बघितला, मोबाइलमधला मेंदी काढल्यानंतर लगेचचा फोटो मागितला आणि दोन्ही शेजारी धरले. तो फोटो खूप उपयोगी पडला, कारण कुठली रेघ काळी आणि कुठली साधी हे त्यावरून स्पष्ट दिसत होतं. मग दोनच प्रश्न. रंग किती वेळात चढला? आणि केसांना काय लावता?

केसांना मी कित्येक वर्षं पुडीतली काळी मेंदी लावत होते. नाव मेंदीचं असलं तरी त्या पुडीतही बहुतेक वेळा पीपीडीच असतं. गेल्या वर्षभरात पुडी लावल्यावर कानामागे आणि मानेवर एक-दोन दिवस खाज यायची आणि कोंडाही वाढायचा. ते ऐकून डॉक्टर म्हणाल्या, "मग तुमची ॲलर्जी लग्नात झालीच नाही. ती आधीच झाली होती, लग्नात फक्त दिसली."

त्यांनी समजावलं ते असं. ही ॲलर्जी पित्त उठण्यासारखी मिनिटांत येत नाही. पहिल्यांदा रसायन कातडीत शिरलं की शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्याची ओळख करून घेतात, आणि त्याला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. ओळख पटल्यानंतर पुन्हा संपर्क आला, तर एक ते तीन दिवसांत पुरळ उठतं. माझी ओळख पुडीमुळे झालेली, म्हणून मला दुसऱ्या दिवशीच त्रास. जाऊबाईंच्या पेशींनी त्याकडे लक्षच दिलं नाही, पण पुढच्या वेळी देणार नाहीत याची खात्री नाही. पुतणीबद्दल तेव्हा काही बोलणं झालं नाही, कारण ती अजून ठणठणीत होती.

उपचार तसे साधे, पण क्रम महत्त्वाचा. लस वाहत होती तोवर मलमापेक्षा ओल्या पट्ट्यांवर भर होता: सलाइनच्या पाण्यात भिजवलेलं गॉज पायावर पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. त्याने आग थांबते आणि लस सुकते. फोड फोडायचे नाहीत, आपोआप फुटले तर वरची साल कापायची नाही. मग स्टिरॉइडचं मलम, दिवसातून दोनदा, फक्त पुरळावर. किती घ्यायचं तेही डॉक्टरांनी दाखवलं: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलेली रेघ दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. आपण एकतर वाटाण्याएवढं लावून औषधाला गुण नाही म्हणतो, नाहीतर थापतो. पावलाला जोरदार स्टिरॉइड चालतं, तेच चेहऱ्यावर लावायचं नाही, हेही त्यांनी चिठ्ठीवर अधोरेखित करून दिलं.

फोड दोन्ही पायांवर पसरल्यामुळे काही दिवस स्टिरॉइडच्या गोळ्याही होत्या. त्या देण्याआधी शुगर तपासली, सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगितल्या आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत अशी तंबी दिली. लवकर सोडल्या की पुरळ उलटतं. रात्रीची खाजेची गोळी झोपेसाठी होती. या प्रकारच्या ॲलर्जीवर ती एकटी पुरत नाही. पिवळा पू, ताप किंवा रेषेबाहेर पसरणारी गरम लाली दिसली तर जंतुसंसर्ग समजून लगेच यायचं, आणि चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखाना गाठायचा.

माझे पाय सुकायला लागले आणि पुतणीचा फोन आला. "काकू, माझ्या हातावर पण तसंच झालंय." तिची मेंदी एव्हाना फिकी पडली होती, तरी मनगटावर काळ्या कडांच्या जागी लाल, उंच रेघा. तिच्या घरी कुणाला मेंदीचा संशयही आला नाही, इतक्या दिवसांनी कसं होईल म्हणून. पण नेमकं तेच लक्षण. तिची ओळख आमच्या कोनानेच झाली आणि कातडीत उरलेल्या रंगावरच पुरळ उठलं. सुरुवातीलाच मलम मिळाल्यामुळे तिला गोळ्या लागल्या नाहीत.

पॅच टेस्टसाठी डॉक्टरांनी थांबायला लावलं. पुरळ पूर्ण निवायला हवं आणि स्टिरॉइडच्या गोळ्या बंद होऊन काही आठवडे जायला हवेत, नाहीतर ॲलर्जी असूनही चाचणी कोरी येते. पाठीवर छोट्या ॲल्युमिनियमच्या वाट्यांची पट्टी चिकटवतात, प्रत्येक वाटीत एक पदार्थ. पीपीडी नेहमी व्हॅसलीनमध्ये 1 टक्का असतं, पण मला फोड आले होते म्हणून त्यांनी त्याहून पातळ केलेलं वापरलं. जोराची ॲलर्जी असली की पाठीवरही फोड येऊ शकतात. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम नाही. उन्हाळ्यात हे सोपं नाही. दोन दिवसांनी पट्टी काढून एकदा बघतात आणि चौथ्या दिवशी पुन्हा. दुसऱ्या दिवशी माझ्या पीपीडीच्या जागी नुसती लाली होती, चौथ्या दिवशी हाताला लागणारा सुजलेला चट्टा आणि त्यावर बारीक पुटकुळ्या. म्हणजे एकदाच बघून निकाल सांगितला असता तर शंका राहिली असती.

ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते. पायापेक्षा मोठा धोका आता डोक्याला आहे. पुन्हा डाय लावला तर डोकं, कान, पापण्या सुजून डोळे उघडणार नाहीत इतकं होऊ शकतं. 'पीपीडी-फ्री' लिहिलेले डायही माझ्या कामाचे नाहीत, कारण त्यांत अनेकदा त्याचंच भावंड, टोल्युइनडायअमाइन, असतं आणि पेशींना दोघांतला फरक बऱ्याचदा कळत नाही. बेंझोकेनसारख्या बधिर करणाऱ्या औषधालाही कधी कधी अशीच प्रतिक्रिया येते, म्हणून दाताच्या डॉक्टरांना आधी सांगायचं. पुतणीने हे आत्ताच वहीत लिहून ठेवलंय. कॉलेजात केस रंगवायचे बेत होते, ते गेले.

पायावर कडांच्या जागी आधी काळपट आणि मग काही ठिकाणी फिकट रेघा राहिल्या. त्या जायला महिने लागतात; उन्हात पाय झाकायचे, बाकी फार काही करता येत नाही. केसांना मी आता वाळवलेल्या पानांची साधी मेंदी लावते आणि धुऊन झाल्यावर वरून नीळीच्या पानांची पूड. पाकिटावरचे घटक वाचून घेते आणि तरीही आधी कानामागे थोडी लावून दोन-तीन दिवस वाट बघते. रंग तपकिरीकडे झुकतो, अर्धा रविवार त्यात जातो आणि न्हाणीघराच्या फरशीवर निळे डाग पडतात, त्यावरून घरात दर महिन्याला वाद होतो.