‘इतर अटी पूर्ववत’ या तीन शब्दांपायी गेलेले एकोणीस दिवस

आमच्या संस्थेने पगाराची जुनी एक्सेल शीट बंद करून नवी पेरोल प्रणाली घेतली, तेव्हा तिच्यात भरण्यासाठीचा तक्ता नियुक्तीपत्रांवरून तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. सत्त्याऐंशी कर्मचाऱ्यांची नियुक्तीपत्रे होती आणि त्यांपैकी एकतीस जणांच्या फायलीत नंतर दिलेले वेतनवाढपत्रही होते. प्रत्येकाचे भत्ते, कपाती आणि बोनसच्या अटी पत्रातून काढून तक्त्यात मांडायच्या, एवढेच काम होते. नियुक्तीपत्रे मी चार दिवसांत संपवली. त्यानंतरचे एकोणीस दिवस वेतनवाढपत्रातल्या एका वाक्यापायी गेले आणि त्याची चीड अजून पुरती ओसरलेली नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी तक्त्याविषयी सांगते, कारण पुढची सगळी अडचण त्यामुळेच उघडी पडली. बहुतेक जण एका कर्मचाऱ्याला एक ओळ देतात आणि प्रत्येक भत्त्याला एक स्तंभ. मी तसे न करता प्रत्येक कर्मचाऱ्याच्या प्रत्येक घटकाला स्वतंत्र ओळ दिली आणि तिच्यासमोर घटकाचा प्रकार, रक्कम किंवा टक्केवारी, ती टक्केवारी कशावर काढायची, किती महिन्यांनी द्यायचे, कोणत्या तारखेपासून लागू, आणि पत्रातील कलमाचा क्रमांक व मूळ शब्द असे स्तंभ ठेवले. मूळ शब्दांचा स्तंभ भरायला सर्वाधिक वेळ लागतो आणि तोच सर्वांत उपयोगी पडतो. ‘मूळ वेतनाच्या चाळीस टक्के’ आणि ‘८,०००’ या दोन्ही नोंदी आज एकच रक्कम देतात, पण मूळ वेतन बदलले की त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. पत्रात काय लिहिले होते हे तक्त्यात नसेल, तर कोणती वाट खरी हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

आमच्या नेहमीच्या नियुक्तीपत्राचे उदाहरण घेते. वार्षिक सीटीसी, म्हणजे एका कर्मचाऱ्यावर संस्थेचा होणारा एकूण खर्च, ६,००,००० आहे. पत्रासोबतच्या परिशिष्टात दरमहाचा हिशोब असा दिलेला असतो: मूळ वेतन २०,०००, घरभाडे भत्ता ८,०००, प्रवास भत्ता ३,०००, विशेष भत्ता १२,६००, भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा २,४०० आणि कामगिरी बोनस ४,०००. बेरीज ५०,००० होते आणि बाराने गुणले की सीटीसीचा आकडा बरोबर जुळतो. हा हिशोब पाहून सगळेच घटक दरमहा द्यायचे आहेत असे वाटते, आणि चूक नेमकी तेथेच होते. मालकाचा हिस्सा दरमहा कर्मचाऱ्याच्या हातात पडत नाही, तो संस्थेच्या खर्चातून थेट निधीत जमा होतो. बोनसचे ४,००० हे वार्षिक ४८,००० या कमाल रकमेचा केवळ हिशोबापुरता केलेला बारावा भाग आहे, कारण पत्राच्या मुख्य भागातील कलम ‘वार्षिक मूळ वेतनाच्या वीस टक्क्यांपर्यंत’ असे म्हणते. ही दोन्ही रकमा काढून टाकल्यावर खरे दरमहाचे एकूण वेतन ४३,६०० उरते. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा २,४०० चा हिस्सा आणि कर कापला जातो. कराच्या बाबतीत पत्र फक्त ‘नियमानुसार’ एवढेच म्हणते, म्हणून तेथे कोणतीही रक्कम न लिहिता तोच शब्द ठेवावा.

आता त्या वाक्याकडे येते. एकतीस वेतनवाढपत्रांपैकी प्रत्येकात साधारण असा मजकूर होता: ‘आपले मूळ वेतन दरमहा २४,००० करण्यात येत आहे. इतर अटी पूर्ववत राहतील.’ रक्कम ज्याच्या त्याच्या पगाराप्रमाणे वेगळी होती, पण शब्द तेच होते. परिशिष्ट कोणत्याच पत्राला जोडलेले नव्हते.

पहिल्या पत्रावर मी थांबले, कारण ‘इतर अटी’ म्हणजे रकमा, टक्केवारी की एकूण सीटीसी, हे ठरवल्याशिवाय एकही ओळ भरता येत नव्हती. रकमा पूर्ववत मानल्या, तर घरभाडे भत्ता ८,००० वरच राहतो आणि एकूण वेतन चार हजारांनी वाढून ४७,६०० होते. टक्केवारी पूर्ववत मानली, तर मूळ नियुक्तीपत्रातील चाळीस टक्क्यांच्या कलमानुसार घरभाडे भत्ता ९,६०० होतो आणि एकूण वेतन ४९,२०० होते. सीटीसी पूर्ववत मानली, तर चित्र पार उलटते. आमच्या पत्रांत विशेष भत्त्याची व्याख्या ‘उर्वरित रक्कम’ अशी आहे, म्हणजे बाकी सगळे घटक ठरल्यावर जे उरेल ते. मूळ वेतन वाढले की मालकाचा निधीतील हिस्सा २,८८० होतो, बोनसची कमाल मर्यादा दरमहाच्या हिशोबाने ४,८०० होते, आणि ५०,००० मधून सगळे वजा केल्यावर विशेष भत्त्यासाठी जेमतेम ५,७२० उरतात. एकूण दरमहा वेतन ४२,३२० होते, म्हणजे वाढीपूर्वी मिळत होते त्याहून १,२८० कमी. एकाच वाक्याच्या दोन टोकांच्या अर्थांत दरमहा ६,८८० चा फरक पडत होता.

मी मनुष्यबळ विभागाला त्याच दिवशी लिहिले आणि विचारले, की ‘इतर अटी पूर्ववत’ याचा अर्थ कसा घ्यायचा. सहा दिवसांनी उत्तर आले, ‘पत्राप्रमाणे घ्यावे.’ मी पुन्हा लिहिले की पत्रातूनच तीन अर्थ निघतात. त्यावर पाच दिवसांनी ‘नेहमीच्या पद्धतीने करावे’ असे कळवण्यात आले. नेहमीची पद्धत कोणती, हे शोधायला मी जुनी शीट उघडली. एकतीसपैकी तेवीस जणांना घरभाडे भत्ता जुन्या रकमेने दिला जात होता आणि आठ जणांना नव्या टक्केवारीने. शीट दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी वेगवेगळ्या काळात सांभाळली होती आणि प्रत्येकीने आपापल्या समजुतीने वाढ नोंदवली होती. शब्द तेच, संस्था तीच, आणि तरीही दोन शेजारी बसणाऱ्यांचा हिशोब वेगळा होता. खरे सांगायचे तर त्या दिवशी मला फार राग आला, कारण त्या तेवीस जणांपैकी कोणालाही हे ठाऊक नव्हते आणि त्यांना ठाऊक असण्याचे काही कारणही नव्हते.

येथे एक मोह होतो, तो टाळावा. अडलेला माणूस शेवटची पगारपावती उघडतो आणि त्यातला आकडा तक्त्यात उतरवतो, कारण तो आकडा ‘चालत आलेला’ असतो. पावती काय दिले गेले ते सांगते, काय द्यायचे ठरले ते सांगत नाही. मी पावतीतील रकमेसाठी वेगळा स्तंभ केला आणि पत्रातील रकमेशी तिची तुलना केली, पण तिच्यावरून पत्राचा स्तंभ एकदाही भरला नाही. तसे केले असते तर जुनी चूक नव्या प्रणालीत अधिकृत होऊन बसली असती.

तिसऱ्या वेळी मी प्रश्न विचारलाच नाही. एका पानावर एकाच कर्मचाऱ्याचे, नाव न देता, तीन हिशोब शेजारी शेजारी मांडले. प्रत्येकाखाली दरमहाचे एकूण वेतन लिहिले, तिसऱ्याखाली ‘वाढीनंतर वेतन १,२८० ने कमी होते’ असे स्पष्ट नमूद केले, आणि जुन्या शीटमध्ये तेवीस व आठ अशी विभागणी असल्याचेही कळवले. शेवटी एवढेच लिहिले की यांपैकी एका हिशोबावर सही करून पाठवावे. दोन तासांत दुसऱ्या हिशोबावर सही होऊन पान परत आले. एकोणीस दिवस जे शब्दांनी सुटले नाही, ते तीन बेरजा समोर ठेवताच सुटले. तेव्हा मनावरचे जे ओझे उतरले, ते मला आजही आठवते. अशा संदिग्ध कलमाबाबत ‘अर्थ काय’ असे कधीही विचारू नका. प्रत्येक अर्थाचा आकडा काढून पाठवा आणि निवड करायला सांगा.

बोनसच्या अटींविषयी सांगायचे राहिले, ते येथे सांगते. आमच्या नियुक्तीपत्राचे दोन नमुने वापरात होते. जुन्या नमुन्यात बोनससाठी वर्षाच्या अखेरच्या दिवशी सेवेत असणे पुरेसे आहे. नव्या नमुन्यात बोनस प्रत्यक्ष देण्याच्या दिवशी सेवेत असणे आणि तोपर्यंत राजीनाम्याची सूचना दिलेली नसणे, अशा दोन्ही अटी आहेत. वर्षअखेर आणि बोनसचे वाटप यांच्या मधल्या काळात कोणी राजीनामा दिला, तर एका नमुन्याप्रमाणे त्याला पूर्ण बोनस मिळतो आणि दुसऱ्याप्रमाणे काहीच मिळत नाही. म्हणून प्रत्येकाच्या ओळीत पत्राचा नमुना कोणता, हे लिहावेच लागते. रुजू होताना दिलेला आणि बारा महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास परत करायचा बोनस हाही असाच फसवा घटक आहे. त्याची वसुली कपातींमध्ये नोंदवू नये, कारण अट मोडेपर्यंत ती कपात अस्तित्वातच येत नाही. मी त्यासाठी फक्त बारा महिने कधी संपतात ती तारीख लिहिली.

आणखी एक गोष्ट मी पहिल्या दिवशीच करायला हवी होती, ती दहाव्या पत्रानंतर सुचली. रिकामा रकाना आणि शून्य यांचे अर्थ वेगळे ठेवावेत. पत्र त्या भत्त्याबद्दल काहीच बोलत नसेल तर रकाना रिकामा, आणि पत्र ‘देय नाही’ असे म्हणत असेल तरच शून्य. मी सुरुवातीला दोन्हीकडे शून्य लिहिले होते आणि त्यामुळे दहा पत्रे पुन्हा वाचावी लागली.

सही झालेले पान हाती आल्यावर एकतीस जणांच्या ओळी एका दुपारीत पूर्ण झाल्या. प्रत्येकाच्या ओळी भरल्यावर त्याच्या सर्व घटकांची बेरीज करून ती पत्रातील सीटीसीशी ताडून पाहिली. वेतनवाढपत्रांत सीटीसीचा नवा आकडाच नसल्यामुळे तेथे माझी बेरीज सही झालेल्या हिशोबाच्या पद्धतीशी ताडली. तेवीस जणांच्या घरभाडे भत्त्याची थकबाकी वेगळ्या यादीत काढली. वर दिलेल्या उदाहरणात दरमहा १,६०० प्रमाणे सात महिन्यांचे ११,२०० निघाले आणि मूळ वेतन वेगळे तशी प्रत्येकाची रक्कमही वेगळी आली. ती यादी मनुष्यबळ विभागाकडे देताना, थकबाकी कशाची आहे हे त्या तेवीस जणांना पगारपावतीसोबत लेखी कळवावे, अशी विनंती मी केली आणि ती मान्य झाली. तक्त्यातील त्या एकतीस जणांच्या ओळींत मूळ शब्दांच्या स्तंभात आजही ‘इतर अटी पूर्ववत’ असेच लिहिलेले आहे आणि शेजारी सहीची तारीख आहे.